काळ्या कार्डातली ताई

त्या उन्हाळ्यात मी माणसांची नाकं बघत हिंडत होते. दुधाच्या रांगेत, बसमध्ये, कॉलेजच्या जिन्यावर, कुठंही कोणी बाजूनं दिसलं की मी थबकायचे आणि मनातल्या मनात त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत पेन्सिल फिरवायचे. एकदा मेन रोडवर एका गृहस्थांनी मला झापलं, "काय गं पोरी, काय लागलंय माझ्या तोंडाला?" मी म्हटलं, "काही नाही काका, नाक फार छान आहे तुमचं." ते इतके गोंधळले, की हातातली पिशवी दुकानातच विसरून निघाले.

या वेडाला कारण होते आमच्या कॉलनीतले चित्रकलेचे सर. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. नाशिकरोडच्या पुढे, देवळालीकडे जाताना आमची कॉलनी होती. बैठ्या घरांच्या दोन ओळी, मध्ये मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला विहार. कोणी रेल्वेत, कोणी छापखान्यात, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. वैशाख पौर्णिमेला दरवर्षी मैदानात कार्यक्रम व्हायचा, म्हणजे गायन पार्टी यायची, पेटी सुरात यायला तासभर लागायचा आणि तोवर निम्मी मुलं झोपलेली असायची. त्या वर्षी सर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा बाहेरचं कोणी नको. आपण आपल्यालाच बघू. सावल्यांचा खेळ करू."

कल्पना अशी, की मैदानात पांढरा पडदा बांधायचा, मागे दिवा, आणि कॉलनीतल्या माणसांचे काळ्या कार्डात कापलेले चेहरे एकेक करून पडद्यावर आणायचे. प्रत्येकासाठी दोन ओळी म्हणायच्या आणि लोकांनी ओरडून सांगायचं, हा कोण. ओरड झाली की चेहरा पास. मैदान गप्प राहिलं की चेहरा नापास.

माझा हात चांगला होता, त्यामुळे कापायचं काम माझ्याकडे आलं. आवाजाचं काम कोणाकडे जाणार याबद्दल बैठकीत चर्चासुद्धा झाली नाही. ते ताईचंच होतं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. आवाज असा, की मुंबईचा ट्रंक कॉल मागणारे लोक कॉल लागला तरी हिच्याशीच दोन शब्द जास्त बोलायचे. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर ती कॉलनीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायची. चौदाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याशी एक पांढरा ठिपका उठला होता. मग तो पसरला. डोळ्याभोवती, डाव्या गालावरून ओठांपर्यंत, आणि कानाखालून मानेवर. आईनं सगळं केलं. बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसवलं, मासे-दूध बंद केलं, दही बंद केलं, तिच्या माहेरच्या, चांदवडकडच्या एका वैद्याच्या काळ्या पुड्या चारल्या. काही झालं नाही. त्याला काय म्हणतात ते आमच्या घरात कोणी उच्चारायचं नाही. आई फक्त "ते" म्हणायची. "ते बघून गेले ना परत." म्हणजे पाहुणे परत गेले. ताई बाहेर जाताना पदर डाव्या गालावरून घ्यायची, बसमध्ये डावीकडची खिडकी पकडायची आणि फोटोत कधीच नसायची. फोटोवाला आला की हिला हमखास चहा ठेवायचा असायचा. फक्त मुलांपुढे ती पदर घ्यायची नाही. म्हणायची, "फळ्यावर लिहू की पदर सांभाळू?"

तर असा आमचा संच होता: सर, मी आणि ताई. आणि मी तुम्हाला सांगते, ते दिवस मी आजही परत जगायला तयार आहे.

सरांच्या घरात एक खोली मोकळी करून आम्ही तिथं कारखाना मांडला. माणसाला भिंतीला खांदा टेकवून बाजूनं बसवायचं, डोक्यामागे भिंतीवर पांढरा कागद टाचायचा आणि दिवा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, डोक्याच्याच उंचीवर. डोकं भिंतीजवळ आणि दिवा लांब असला की सावली धारदार पडते, आणि मापही जवळपास खऱ्याएवढंच राहतं. दिवा जवळ आणला की नाकाचं कणीस होतं. दिवाही साध्या स्वच्छ काचेचा लागायचा, दुधी बल्ब चालायचा नाही, त्यानं कड धूसर होते. मग श्वास धरून पेन्सिल फिरवायची. "हलू नका" म्हटलं की हटकून प्रत्येकाला खोकला यायचा.

कागदावरची रेघ काळ्या कार्डावर उतरवायची, खाली काच घ्यायची आणि दाढीच्या ब्लेडनं कापायचं. शेवटी मागून बांबूची कामटी चिकटवली, की माणूस तयार.

सांगायला सोपं आहे. पण पहिल्याच दिवशी कळलं, की कार्डाला फक्त दोन गोष्टी समजतात, आहे आणि नाही. रंग नाही, सुरकुती नाही, गोरेपण नाही, प्रेमळ नजर नाही. जे कडेवर आहे तेवढंच राहणार. आतलं काही दाखवायचं तर तिथं खिडकी कापायची, म्हणजे उजेड आरपार जाईल. आणि खिडकीच्या मधोमध काही काळं ठेवायचं असेल, तर त्याला कुठंतरी जोडून ठेवावं लागतं, नाहीतर ते टपकन खाली पडतं. मी कापलेल्या पहिल्या चष्म्यातून डोळा असाच खाली पडला आणि सरांच्या चहात गेला.

लोक आपापल्या आशा घेऊन यायचे. किराणा दुकानदार म्हणाले, "माझं मनगटी घड्याळ दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "काका, मानेपर्यंतच आहे चित्र." त्यांनी हात वर करून गालाला लावला आणि तसेच बसले. समोरच्या काकू आल्या त्या नथ घालून. नथ कडेच्या बाहेर येते, ती सावलीत झकास दिसते, म्हणून मी पण हुरळले आणि एकेक मोती कापला. सरांनी पडद्यावर धरून पाहिलं आणि हसले. "ही कोण? ही कुठल्याही लग्नातली कुठलीही बाई आहे. काकू रोज काय घालतात?" काकू रोज घालायच्या तो एक ढिला अंबाडा, इतका ढिला, की दुपारपर्यंत मानेवर उतरायचा. नथ गेली आणि अंबाडा उतरला. लगेच समोर काकू! अगदी "अगं, जरा साखर दे" म्हणणार असं वाटलं. काकू मात्र तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सर म्हणायचे, "माणूस जे मिरवतो ते गाळ. जे त्याच्याकडून आपोआप होतं ते ठेव." हवालदारकाकांची मिशी ठेवली. एका रेल्वेवाल्या मामांचा खालचा ओठ ठेवला, तो पानामुळे कायम पुढं आलेला असायचा. शिवणकामवाल्या मावशींच्या ओठांत मी टाचणी ठेवली, केसाएवढी काळी रेघ, आणि ती एवढीशी रेघ पडद्यावर पडल्याबरोबर सर खुर्चीतून उठून नाचले. खरंच नाचले. मोठा माणूस, टकलाभोवती पांढरे केस आणि हातात डिंकाची बाटली.

असे चेहरे साठत गेले. मग एका संध्याकाळी ताई ओळी लिहीत बसली होती ती मान वर न करता म्हणाली, "मलाही काढ."

मी ब्लेड खाली ठेवलं. ताईनं स्वतःहून बसायचं म्हणजे नवलच होतं.

"बघतेस काय अशी? सगळ्यांचे चेहरे पडद्यावर जाणार आणि माझा फक्त आवाज? टेलिफोन ऑफिसात तेच, इथं पण तेच. मला बघायचंय, पोरं मला ओळखतात का."

ती भिंतीशी बसली, डावा गाल आमच्याकडे, तोंड डावीकडे. सरांनी दिवा लावला. आणि भिंतीवर जे आलं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. इतकं देखणं नाक, इतकी नेटकी हनुवटी, मानेचा असा बाक! अख्ख्या कॉलनीत अशी कड कोणाचीच नव्हती. आणि एकही डाग नाही. सावलीला डाग नसतो. मी आनंदानं वेडी झाले. मला वाटलं, इतकी वर्षं बावचीनं जे झालं नाही ते एका दिव्यानं केलं. त्या रात्री जेवतानासुद्धा मी आईला तेच सांगत होते, "आई, तू बघच. सगळे बघत राहतील." आईनं आधी भीतीनं माझ्याकडं पाहिलं, मग "त्यात ते दिसत नाही" हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मग मी पुढच्या ओळीत बसन."

पौर्णिमेच्या आधी सरांनी तालीम ठेवली. फक्त चेहरे, ओळी नाहीत. बघायला अभ्यासाची मुलं आणि त्यांच्या आया. विहाराच्या ओट्यावर चादर बांधली, सर मागे गेले, मी मुलांच्यात समोर बसले. ताई पण माझ्या शेजारी येऊन बसली.

मिशी आली. "हवालदारकाका!" अंबाडा आला. "काकू!" टाचणी आली. "मावशी!" मुलं अशी चेकाळली होती, की दोन पोरं ओट्यावरून खाली पडली तरी ओरडत होती. सरांनी स्वतःलाच काढलं होतं, टकलावर उभा राहिलेला एक केस, त्याला तर टाळ्या.

मग ताई आली.

मुलं गप्प झाली. मी ताईचा हात धरला.

"देवी हाय का?" एकानं विचारलं. "शिनेमातली बाई हाय!" दुसरी म्हणाली. "वहीच्या पुठ्ठ्यावरची!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. रोज जिच्यासमोर ही मुलं पाढे म्हणत होती, तिला ओळखायला एकही तोंड उघडेना. सरांनी मागून दोनदा कामटी हलवली. शेवटी मीच बोलले, "अरे गाढवांनो, ताई आहे ही!"

पुढे एक पाचेक वर्षांची पोर बसली होती. ती वळली, ताईकडं नीट पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, "नाय. ताईला पांढरं हाय."

तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. बाकीच्या आया एकदम आपापल्या पदरांशी खेळायला लागल्या. मला त्या पोरीचा असा राग आला, की काय सांगू.

ताईनं तिला जवळ ओढलं. "मारू नका तिला. बरोबर बोलली ती." मग सरांना हाक मारली. "सर, हा चेहरा नापास. त्यात मी नाही. माझे डाग कापा."

सर पडद्यामागून बाहेर आले. म्हणाले, "अगं, आम्ही मुद्दाम नाही गाळले. कडेवर नव्हते म्हणून..."

"मावशींची टाचणी ठेवलीत. तुमचा केस ठेवलात. आतलं दाखवायचं तर खिडकी कापायची, हेच ना? मग कापा की खिडकी."

घरी जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी दोघींच्या मध्ये उभी होते आणि दोघींवर चिडले होते. आई म्हणाली, "मी जल्मभर झाकलं. आन् तू त्याला दिवा दाखवती? सगळ्या कॉलनीसमोर, पडद्यावर, एवढं मोठं करून?" ताई म्हणाली, "कॉलनीला माहीत नाही असं वाटतं का तुला?" आई म्हणाली, "माहीत असणं येगळं. धाकटीचं व्हायचंय अजून. मी नाय येणार बघायला. सांगून ठेवते." ताई म्हणाली, "नको येऊस." आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून आपापल्या कामाला लागल्या. खरं तर मीही आईच्याच बाजूची होते. मला ती निष्कलंक सावली इतकी आवडली होती, की तिच्यावर ब्लेड फिरवायचं म्हणजे जिवावर आलं होतं. पण ताईला नाही म्हणणं आमच्या घरात कोणाला कधी जमलं नाही.

ताई परत दिव्यासमोर बसली. या वेळी सावलीची गरज नव्हती, चेहऱ्याचीच होती. मी तिच्या जवळ बसून डागांच्या कडा कागदावर उतरवायला लागले. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा ते डाग नीट पाहिले. कायम नजर काढून घ्यायची सवय होती ना! डोळ्याभोवतीचा डाग कानाकडे जाताना निमुळता होत होता. गालावरचा तव्यावर पसरलेल्या घावनासारखा, कडेला जाळी जाळी. मानेवरचा लांबट.

आणि मग खरी गंमत सुरू झाली, कारण हे काम सोपं नव्हतं. मानेचा डाग कापला, काही त्रास नाही. डोळ्याचा कापायला घेतला आणि अडले. डागाच्या मधोमध डोळा आहे, काळा. तो लटकवायचा कशाला? पहिल्या कार्डात मी त्याला भुवईशी जोडला, तर ताई सतत रागावलेली दिसायला लागली. दुसऱ्या कार्डात नाकाशी जोडला, तर चष्मा तुटल्यासारखं वाटलं. तेव्हा ताईनंच विचारलं, "मी काजळ कसं घालते?" ती काजळाची रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर, कानाकडे ओढायची. ती रेघ मी कार्डात ठेवली, आणि डोळा त्या रेघेला धरून डागाच्या उजेडात नीट उभा राहिला. मी किंचाळलेच. सर शेजारच्या खोलीतून धावत आले.

ओठांनी मात्र रडवलं. तो डाग ओठांवरून थेट पुढच्या कडेपर्यंत गेलेला. जसा आहे तसा कापला, तर आतला उजेड बाहेरच्या उजेडाला मिळायचा आणि पडद्यावर ताईला ओठच राहायचे नाहीत. नाक, मग काही नाही, मग हनुवटी. कडेला कार्डाची बारीक पट्टी सोडावी तर ती तांदळाच्या दाण्याएवढी रुंद ठेवली तरी जाड दिसायची, आणि त्याहून बारीक केली की तुटायची. कार्डांवर कार्डं वाया गेली. सरांनी तोडगा काढला, "डागावर बटर पेपर लावू. थोडाच उजेड येईल. करडा. कडही राहील आणि डागही सौम्य दिसेल."

"नको," ताई म्हणाली. "सौम्य नको. इतकी वर्षं सौम्यच चाललंय सगळं. काळं नाहीतर पांढरं, तुम्हीच म्हणता ना सर? पण ओठ पाहिजेत मला. मला बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली आणि पर्समधून टेलिफोनच्या वायरचा एक तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. दुरुस्तीवाल्यांनी टाकून दिलेला. वरचं रबर सोललं की आत बारीक तांब्याची तार. ती मी पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून वाकवली, वरचा ओठ, मधली फट, खालचा ओठ, आणि दोन्ही टोकं नाकाखाली आणि हनुवटीवर डिंकानं बसवली. तार किती बारीक, पण दिव्यापुढे तिला रंग नसतो, ती काळीच. चादरीला टेकवून धरलं आणि पलीकडे, त्या सगळ्या उजेडात, एका रेघेचे ताईचे ओठ उमटले. सर चष्मा पुसत बसले. मी ताईला मिठी मारली आणि तिच्या साडीला डिंक लागला म्हणून शिव्या खाल्ल्या.

त्या कार्डाची तालीम घ्यायला वेळच उरला नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सरांनी आणखी एक गोंधळ घातला. पडदा दरवर्षीच्या जागी बांधायचा नाही म्हणाले. "चंद्र तिकडून उगवतो. त्याचं चांदणं पडद्याच्या तोंडावर पडलं तर माझ्या सावल्या फिक्या होतील. पडद्याची पाठ चंद्राकडे पाहिजे." मंडळाचे लोक कुरकुरत मैदानभर सतरंज्या उलट्या अंथरत होते. वंदना झाली, खिरीच्या वाट्या वाटल्या गेल्या आणि मैदानातले सगळे दिवे बंद केले. पडदा एकटाच उजळला. मी आणि सर मागे गुडघ्यांवर बसलो. ताई पडद्याच्या बाजूला माइकपाशी. मी फटीतून पुढच्या ओळीत आई दिसते का पाहिलं. नव्हती. दुकानदार मात्र घड्याळासकट बसले होते.

काय सांगू तो कार्यक्रम! चेहरा पडद्याला टेकला की मैदानातून लाट उठायची. ताई दोन ओळी म्हणायची, आणि तिचं म्हणून व्हायच्या आत लोक ओरडून मोकळे. काकूंचा अंबाडा आला आणि काकू स्वतःच उभ्या राहून म्हणाल्या, "मीच हाय! मीच हाय ती!" नथीचा राग त्या क्षणी मिटला. रेल्वेवाल्या मामांचा ओठ बघून लोक लोळत होते. सर माझ्या हातात एकेक चेहरा देत होते, मी घामानं निथळत होते आणि माझे गुडघे सोलले होते, तरी मला वाटत होतं हे संपूच नये. आम्ही चेहरे कसेही फिरवायचो. सरळ काळी सावली इकडे तोंड करून धरा नाहीतर तिकडे, माणूस तोच राहतो. कधी एक चेहरा उजवीकडून आणायचा, दुसरा डावीकडून, आणि दोघांचं भांडण लावायचं. हशाच हशा.

मग सरांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं. बाहेर ताई म्हणाली,

"आवाज तर रोजच ऐकता माझा,
चेहरा ओळखा, करू नका गाजावाजा."

तिचा आवाज शेवटच्या शब्दावर हलला. टेलिफोनवर तो कधी हलल्याचं मला माहीत नाही. मी कार्ड उचललं आणि टेबलावर कापताना ते जसं माझ्यासमोर असायचं तसंच, तोंड माझ्या डावीकडे करून, पडद्याला नीट टेकवलं.

मैदान गप्प झालं.

नापास, असं माझ्या मनात आलं. आता कोणी बोलणार नाही. सगळ्यांनी पाहिलंय आणि सगळ्यांनी नजर काढून घेतलीय. मला पडद्यातून काहीच दिसत नव्हतं, फक्त माझ्या बाजूनं काळं कार्ड आणि त्यातल्या खिडक्यांतून चमकणारी चादर. मग एक बारीक आवाज आला, "ताई!" मग दुसरा. मग सगळी पोरं एकदम, "ताई! ताई! आमची ताई!" पण त्या ओरडण्यात काहीतरी अडखळत होतं. मोठी माणसं कुजबुजत होती. काहीतरी चुकलंय असं जाणवत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात पार मागून, सतरंज्यांच्याही मागून, विहाराच्या पायऱ्यांच्या बाजूनं एक आवाज आला. चढा, चिडलेला, चांदवडचा.

"अगं ए, उलटी धरली ना तू तिला! तोंड फिरव तिचं! कोड डाव्या गालाला हाय माझ्या लेकीच्या, उजव्या नाय!"

आई. आई येऊन मागे उभी होती. आणि तो शब्द, जो मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता, तो तिनं सगळ्या मैदानावर ओरडून सांगितला होता.

मग मला चूक कळली. पडद्यामागून माझ्या डावीकडे तोंड म्हणजे लोकांच्या उजवीकडे. डाग लोकांना दुसऱ्याच गालावर दिसत होते. बाकीच्यांना चाललं असतं. ताईला चालणार नव्हतं. कामटी फिरवली, कार्ड उलटं केलं आणि परत चादरीला टेकवलं.

"हां!" आईचा आवाज आला. "आता बराबर."

मैदान असं फुटलं, की मला पडदा अंगावर येतो की काय वाटलं. टाळ्या, शिट्ट्या, पोरं नाचत होती, आणि त्या सगळ्यावर माइकमधून ताईचं हसणं ऐकू येत होतं. तिला पुढची ओळ म्हणताच येईना. मी रडत होते आणि हात हलत होता, त्यामुळे पडद्यावरच्या ताईची मानही हलत असणार, म्हणजे लोकांना तीही हसताना दिसली असेल. सर "पुढचा चेहरा, पुढचा चेहरा" करत होते. मी त्यांना दिला नाही. टाळ्या थांबेपर्यंत ताईला तसंच धरून ठेवलं.